श्रद्धेला गुण नाहीत : धर्माच्या पेपराची आखणी

'कर्माचा सिद्धांत एकदा मान्य केला, की माणसाला स्वातंत्र्य उरत नाही.' या विधानाचे मूल्यमापन करा. गुण १२.

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या एम.ए.चा नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी मुलं जीसीएसई देतात, म्हणजे आपल्या दहावीसारखी सार्वजनिक परीक्षा. तिथे 'रिलिजस स्टडीज' घेतलेल्या मुलांपुढे या धाटणीची विधानं येतात आणि बारा-तेरा मिनिटांत त्यांचं उत्तर लिहायचं असतं. लंडनच्या आसपास वाढलेली मराठी मुलंही ते लिहितात. शाळेनं हिंदू धर्म निवडलेला असला तर आईवडील निर्धास्त असतात, हा तर घरचाच विषय! निकाल लागला की कळतं, घरी गणपती बसतो याचे वेगळे गुण नसतात.

आपल्या दहावीला असा पेपर नाही. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असं राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं. धर्माची शिकवण देणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केला, तो भाग निराळा. पण पेपर आखण्याचं जे हत्यार इंग्लंडमधले शिक्षक वापरतात ते आपल्या बी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. त्याला आपण संविधान तक्ता म्हणतो. आडव्या ओळींत घटक, उभ्या रकान्यांत प्रश्नप्रकार आणि उद्दिष्टं, प्रत्येक चौकटीत गुण. बहुतेक शाळांत हा तक्ता पेपर काढून झाल्यावर फाइलसाठी भरला जातो, हे सांगायला कुणाची साक्ष काढायला नको. धर्मासारख्या विषयात मात्र तो आधी भरला नाही तर पेपर हमखास कलंडतो, आणि तो नेमका कोणत्या बाजूला कलंडतो हेच इथं बघायचं आहे.

इंग्लंडमधल्या चार परीक्षा मंडळांपैकी एक्यूए या मंडळाची रचना घेऊ, कारण ती सगळ्यांत सुटसुटीत आहे. विषयाचे दोन पेपर असतात. पहिल्यात दोन धर्मांच्या श्रद्धा आणि आचार, दुसऱ्यात युद्ध, कुटुंब, गुन्हा आणि शिक्षा अशा विषयांकडे धर्म कसा बघतो ते. प्रत्येक पेपर पावणेदोन तासांचा, ९६ गुणांचा; शुद्धलेखनाचे मोजके गुण वेगळे. पहिल्या पेपरात प्रत्येक धर्माला ४८ गुण. त्यातले २४ श्रद्धांना, २४ आचारांना. आणि प्रत्येक २४ गुणांचा संच पाच उपप्रश्नांचा : एक गुणाचा पर्यायी प्रश्न, मग दोन, चार, पाच आणि शेवटी बारा गुणांचा.

या १, २, ४, ५, १२ मध्ये एक चलाखी दडलेली आहे. पहिल्या चारांची बेरीज करा : बारा. शेवटचा एकटा : बारा. सरकारनं या विषयासाठी दोनच उद्दिष्टं ठरवून दिली आहेत. एक, धर्माविषयीचं ज्ञान आणि समज. दुसरं, विश्लेषण आणि मूल्यमापन. दोघांना निम्मे निम्मे गुण द्यायचे असं बंधन आहे. ते पाळण्यासाठी दरवर्षी कुणी वजनकाटा घेऊन बसू नये म्हणून मंडळानं साचाच असा केला, की पहिले चार उपप्रश्न ज्ञानाचे आणि पाचवा मूल्यमापनाचा. साचा पाळला की कौशल्यांचा भारांश आपोआप जुळतो.

मग पेपर काढणाऱ्याला काम काय उरलं? खरं काम तिथूनच सुरू होतं. साचा रकाने सांभाळतो, ओळी सांभाळत नाही.

एखाद्या शाळेतल्या शिक्षिकेला हिंदू धर्मावर ४८ गुणांची सहामाही चाचणी काढायची आहे असं समजू. शिकवून झालेले घटक सहा आहेत. श्रद्धांच्या भागात ईश्वराचं स्वरूप आणि अवतार, नंतर आत्मा-कर्म-मोक्ष, नंतर धर्म आणि चार पुरुषार्थ. आचारांच्या भागात पूजा आणि मंदिर, उत्सव आणि यात्रा, आणि योगमार्ग व सेवाकार्य. तक्ता न करता ती श्रद्धांचा भाग लिहायला बसली, तर पहिला मसुदा बहुधा असा होतो. एक गुणाला : राम हा कोणाचा अवतार? दोन गुणांना : विष्णूच्या कोणत्याही दोन अवतारांची नावं द्या. चार गुणांना : अवतारांवरच्या श्रद्धेचा हिंदूंच्या जगण्यावर कसा प्रभाव पडतो? पाच गुणांना : अवतारांविषयीच्या दोन शिकवणी स्पष्ट करा, धर्मग्रंथाचा आधार द्या. आणि बारा गुणांना : 'ईश्वराला ओळखण्याचा सर्वोत्तम मार्ग म्हणजे त्याचे अवतार.'

प्रत्येक प्रश्न सुटा वाचला तर चांगलाच आहे. प्रश्नप्रकार पाचही आले, उद्दिष्टं निम्मी निम्मी झाली, बेरीज चोवीस. फक्त चोवीसच्या चोवीस गुण एकाच ओळीत गेले. ज्या मुलीनं अवतारांचा धडा घोटला तिला पैकीच्या पैकी, आणि जी त्या आठवड्यात आजारी होती ती नापास. शिवाय दोन गुणांचं उत्तर एक गुणाच्या प्रश्नात अर्धं दिलेलंच आहे : पहिल्या प्रश्नानं राम सांगून टाकला, आता एकच नाव आठवायचं. असं का होतं याला साधं कारण आहे. शिक्षक प्रश्न काढताना एका कल्पनेचा धागा पकडतो आणि ओढत जातो. शिकवताना हीच सवय फार कामाची असते.

म्हणून आधी तक्ता. तो असा भरता येईल :

| घटक | १ गुण | २ गुण | ४ गुण | ५ गुण | १२ गुण | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| ईश्वरस्वरूप, अवतार | १ | – | – | ५ | – | ६ |
| आत्मा, कर्म, मोक्ष | – | – | – | – | १२ | १२ |
| धर्म, पुरुषार्थ | – | २ | ४ | – | – | ६ |
| पूजा, मंदिर | – | २ | – | ५ | – | ७ |
| उत्सव, यात्रा | १ | – | ४ | – | – | ५ |
| योगमार्ग, सेवा | – | – | – | – | १२ | १२ |
| एकूण | २ | ४ | ८ | १० | २४ | ४८ |

बारा गुणांचा दगड कुठल्या तरी एका ओळीत पडणारच, तो फोडता येत नाही. श्रद्धांच्या भागात मग उरलेल्या दोन ओळींना सहा-सहा गुण येतात : एक आणि पाच, किंवा दोन आणि चार. वर्षाकाठी अशा तीन चाचण्या असतील आणि बाराचा प्रश्न दर वेळी नव्या ओळीत नेला, तर तिन्ही घटकांच्या वाट्याला बारा, सहा, सहा मिळून चोवीस गुण येतात. म्हणजे एका पेपरात न साधणारा समतोल तीन पेपरांत पुरता साधतो. आचारांच्या भागात मी मुद्दाम सात आणि पाच अशी वाटणी ठेवली आहे. पूजेवर ग्रंथाधारासह लिहिण्यासारखं भरपूर असतं, उत्सवांवर 'प्रभाव' विचारणं जास्त सोपं जातं. आकडे सुबक दिसावेत म्हणून प्रश्न वाकवण्यात अर्थ नाही.

आता चौकटी भरायच्या. गंमत अशी, की सगळ्यांत जास्त घोळ एक गुणाच्या प्रश्नात होतात.

'विष्णूचा नववा अवतार कोणता?' हा प्रश्न पाठ्यपुस्तकावर नजर टाकून कुणीही काढील. पर्याय : वामन, परशुराम, बुद्ध, कल्की. उत्तर बुद्ध. पण दशावतारांच्या सगळ्या याद्या एकसारख्या नाहीत. काहींत बलराम येतो. महाराष्ट्रात तर जुन्या पंचांगांवर आणि काही देवळांच्या शिल्पांत नवव्या जागी विठ्ठल उभा दिसतो. आणि वर्गात आंबेडकरी बौद्ध घरातलं मूल असेल, तर १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक नेमकी हीच आहे, की बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं मी मानत नाही. एका गुणासाठी केवढं हे प्रकरण! दोष वादग्रस्त विषय विचारण्याचा नाही. ज्या बाबीवर परंपरेच्या आतच मतभेद आहेत, ती एकमेव बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नप्रकारात घातली, हा दोष आहे. हीच बाब बारा गुणांत उत्तम चालली असती.

दिवाळीचंही तसंच. 'दिवाळीत कोणत्या देवतेची पूजा होते?' असा प्रश्न आणि पर्यायांत लक्ष्मीबरोबर काली असेल, तर बंगाली मुलगी कालीवर खूण करील आणि ती बरोबरच असेल. बंगालमध्ये त्याच अमावास्येला कालीपूजा होते. चुकीचे पर्याय त्याच घराण्यातले पाहिजेत, पण निःसंशय चुकीचे पाहिजेत. उत्सव-यात्रेच्या एक गुणाला म्हणून असं विचारता येईल : 'यांपैकी कुंभमेळा कुठे भरतो? पुरी, द्वारका, हरिद्वार, वाराणसी.' चारही तीर्थक्षेत्रं, त्यामुळे न शिकलेल्याला अंदाज बांधता येत नाही. ईश्वरस्वरूपाच्या एक गुणाला : 'प्राणिमात्रांच्या हृदयात वसणाऱ्या ईश्वराच्या कल्पनेला काय म्हणतात? निर्गुण, अंतर्यामी, त्रिमूर्ती, माया.' इथं पर्याय म्हणून 'बाप्तिस्मा' आणि 'हलाल' टाकणारे पेपरही निघतात. असा प्रश्न हिंदू धर्माचा एकही तास न बसलेलं मूल सोडवतं.

दोन गुणांच्या प्रश्नाबद्दल फार बोलण्यासारखं नाही : दोन गोष्टी नुसत्या सांगायच्या, प्रत्येकी एक गुण. चार आणि पाच गुणांच्या प्रश्नांत मात्र गुणांची घडण समजून घ्यायला हवी. चार गुणांत दोन मुद्दे असतात. मुद्दा नुसता सांगितला तर एक, फोड करून सांगितला तर दुसरा. 'अर्थ हाही पुरुषार्थ असल्यामुळे हिंदू गृहस्थ पैसा मिळवणं गैर मानत नाही' एवढ्याला एक गुण. 'पण तो धर्माच्या मर्यादेत मिळवायचा, म्हणून व्यवसायात फसवणूक टाळण्याकडे त्याचा कल राहतो' हे पुढे जोडलं की दुसरा. पाच गुणांचं गणितही असंच, दोन मुद्द्यांचे चार आणि पाचवा गुण ग्रंथाच्या किंवा श्रद्धेच्या एखाद्या अधिकृत आधाराच्या अचूक संदर्भाला. अवतारांच्या प्रश्नात बहुतेक मुलं गीतेच्या चौथ्या अध्यायाकडे जातात, जिथे धर्माला ग्लानी येते तेव्हा आपण प्रकट होतो असं कृष्ण सांगतो.

मराठी मुलाच्या बाबतीत एक प्रश्न इथं खरोखर उभा राहतो. घरी आजीकडून ऐकलेली ज्ञानेश्वरी त्यानं आधार म्हणून दिली तर? माझ्या मते पाचवा गुण मिळायला हवा. प्रश्नात 'अन्य आधार' असे शब्द असतात ते त्याचसाठी. पण ज्ञानेश्वरीचं नाव न ऐकलेला तपासनीस लीड्समध्ये बसलेला असेल. म्हणून आदर्श उत्तरपत्रिकेत, जिला आपण 'आन्सर की' म्हणतो, 'गीतेवरील भाष्ये आणि संतवाङ्मय ग्राह्य' अशी एक ओळ आधीच घालून ठेवावी लागते. प्रश्न आणि उत्तरसूची एकाच बैठकीत लिहिण्याचा आग्रह याचसाठी धरायचा. उत्तरसूची लिहिताना आपला प्रश्न कुठे गळतो ते दिसतं.

आणि 'आमच्याकडे असं करतात' या वाक्याचं काय? पूजेवरच्या पाच गुणांत मुलानं लिहिलं : आमच्याकडे रोज देवपूजा होते, आई नैवेद्य दाखवते, संध्याकाळी दिवा लावतो. हे वर्णन झालं. प्रश्न विचारतो, घरच्या पूजेचं हिंदूंच्या लेखी महत्त्व का? नैवेद्य आधी देवाला आणि मग प्रसाद म्हणून आपल्याला, यामागे कोणती समजूत आहे, हे सांगितलं तर गुण. घरच्या अनुभवाला बंदी नाही, पण तो पुरावा म्हणून यावा लागतो. उलट शेजारच्या बाकावरच्या, देव न मानणाऱ्या इंग्रज मुलीनं दर्शनाची कल्पना नेटकी समजावली, भक्त देवाला पाहतो आणि देवही भक्ताला पाहतो, तर तिला पूर्ण गुण. पेपरानं श्रद्धा मोजू नये ही अट पाळायची तर हे असंच असायला हवं. त्यासाठी प्रश्नाच्या शब्दांवरही पहारा ठेवावा लागतो. 'आपण पूजा का करतो?' हे शब्द चालत नाहीत, कारण त्यातला 'आपण' अर्ध्या वर्गाला बाहेर ठेवतो. 'सगळे हिंदू मानतात की' हेही चालत नाही, कारण ते बहुतेक वेळा खोटं असतं. 'अनेक हिंदू', 'काही हिंदू' एवढा बदल पुरतो.

आता बारा गुणांकडे. यात मुलानं हिंदू शिकवणीचा आधार घ्यायचा, विधानाच्या बाजूनं सकारण मांडणी करायची, वेगळ्या मताची सकारण मांडणी करायची आणि पटेल असा निष्कर्ष काढायचा. तपासताना मुद्दे मोजत नाहीत, तीन-तीन गुणांच्या चार पातळ्या असतात आणि अख्खं उत्तर कोणत्या पातळीत बसतं ते पाहतात. एकच बाजू कितीही छान मांडली तरी साधारणपणे सहाच्या वर चढता येत नाही.

म्हणजे विधानच असं हवं की त्याला दोन बाजू असतील, आणि दोन्ही बाजूंना धर्माच्या आतून आधार मिळेल. 'मूर्तिपूजा चुकीची आहे' हे विधान घ्या. वर्गातल्या हिंदू मुलांना ते टोचतं आणि विरोधी बाजू मांडायला मूल परधर्मातली मतं आणू लागतं. वास्तविक मूर्तिपूजेवरचा वाद हिंदू परंपरेत घरचाच आहे. प्रार्थना समाज १८६७ मध्ये आणि आर्य समाज १८७५ मध्ये मुंबईतच स्थापन झाला, आणि दोघांनीही मूर्तिपूजा नाकारली. शब्द बदलून 'मूर्तीवाचून पूजा अपुरी राहते' असं केलं, की बोच जाते आणि वाद शिल्लक राहतो.

कर्माचं विधान या कसोटीवर तपासू. बाजूनं काय म्हणता येईल? आजची परिस्थिती मागच्या कर्मांचं फळ असेल, तर जन्म, घराणं, शरीर यांतलं काहीच माणसानं निवडलेलं नाही; प्रारब्ध भोगूनच संपतं असं परंपराच सांगते. विरुद्ध बाजूनं? त्याच परंपरेत प्रारब्धाबरोबर क्रियमाण कर्मही आहे, आज आपण जे करतो ते, आणि त्याची निवड आपल्या हातात नसेल तर धर्माचा उपदेश कुणाला करायचा? गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला नीट विचार करून मग हवं ते करायला सांगतो. दोन्ही बाजू घरच्याच निघाल्या. शिवाय उत्तर लिहिताना आत्मा, पुनर्जन्म, धर्म या शेजारच्या ओळींतलं ज्ञानही लागलं. बाराचा प्रश्न एका ओळीत पडतो ही अडचण थोडी हलकी करायचा उपाय हाच : विधान असं निवडायचं की उत्तर ओळींच्या भिंती ओलांडेल. आचारांच्या भागात 'ईश्वराकडे जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग भक्तीचाच' हे विधान तसंच काम करतं. भक्तीची तुलना ज्ञानमार्ग, कर्ममार्ग आणि राजयोगाशी करावीच लागते, आणि पूजा, कीर्तन, यात्रा उदाहरणं म्हणून येतात.

एक पथ्य मात्र कडक आहे. वर्गात चर्चा करून फळ्यावर दोन्ही बाजू लिहून दिलेलं विधान चाचणीत जसंच्या तसं द्यायचं नाही. कागदावर ते बारा गुण मूल्यमापनाच्या रकान्यात दिसतील, प्रत्यक्षात मुलं फळा आठवून लिहितील. मग ४८ पैकी ३६ गुण पाठांतराचे झाले आणि तक्ता मात्र निम्मे निम्मे म्हणत राहिला. कौशल्य प्रश्नात जितकं असतं तितकंच ते आधी काय शिकवलं यावरही ठरतं, आणि ही बाब कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. आपल्याकडचे अपेक्षित प्रश्नसंच याच फटीतून पैसा करतात.

वेळेचं गणित सोपं आहे. मंडळाच्या पेपरात १०५ मिनिटांत ९६ गुण, म्हणजे गुणामागे मिनिटाहून थोडा जास्त वेळ. शाळेतल्या ४८ गुणांच्या चाचणीला पन्नास-बावन्न मिनिटं हवीत. तासिका चाळीस मिनिटांची असेल तर पेपर दोन तासिकांत वाटावा. प्रश्न तेच ठेवून वेळ कापला तर शेवटचा बारा गुणांचा प्रश्न अर्धवट राहतो, आणि मग मूल्यमापनाऐवजी हाताचा वेग मोजला जातो.

पेपर झाला, तपासला. आता पुन्हा तक्त्याकडे यायचं असतं, आणि हे जवळजवळ कुणी करत नाही. कागदावर बारा गुणांच्या प्रश्नाचं वजन सर्वाधिक आहे. पण तीस मुलांच्या वर्गात पंचवीस मुलांना त्यात सहा किंवा सात मिळाले असतील, तर त्या प्रश्नानं मुलांत फरक केलाच नाही. त्याच वर्गात पाच गुणांच्या प्रश्नाला कुणाला एक, कुणाला तीन, कुणाला पाच असे पसरलेले गुण पडले असतील, तर कोण पुढे आणि कोण मागे हे त्या पाच गुणांनी ठरवलं. ठरवलेला भारांश आणि प्रत्यक्ष लागू झालेला भारांश यांची अशी फारकत होते, आणि ती बेरजेवरून कळत नाही. प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळ्या रकान्यात मांडले तरच दिसते.

कारण शोधायला उत्तरपत्रिका उघडाव्या लागतात. घोळका नेमका सहावर असेल तर मुलांनी एकच बाजू लिहिली असण्याची शक्यता मोठी; मग बघायचं, विधानाला दुसरी बाजू होती का, की आपणच एकतर्फी विधान दिलं. घोळका पाच ते आठ असा मधोमध असेल तर संशय तपासणीवर घ्यावा. पातळ्या ठरवून तपासताना थकलेला हात मधल्या पातळीकडे सरकतो, दहा द्यायला धजत नाही आणि दोन द्यायला कचरतो. यावर उपाय असा, की एका मुलाची अख्खी उत्तरपत्रिका न तपासता आधी सगळ्या मुलांचा तोच एक प्रश्न ओळीनं तपासायचा. त्याआधी चार-पाच उत्तरं दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न बघता तपासायची आणि गुण जुळतात का ते पाहायचं. एक गुणाच्या प्रश्नात तिसातली एकोणतीस मुलं बरोबर असतील तर तो प्रश्न फार तर धीर देण्याच्या कामाचा. हुशार मुलंच चुकली असतील तर पर्यायांत दुसरी काली लपलेली आहे का ते बघावं.

वर्षभरातल्या तीन तक्त्यांची शेवटी बेरीज करायची, ओळीनुसार. आपल्या शिक्षिकेच्या सहामाहीत उत्सव-यात्रेला पाचच गुण होते, तेव्हा पुढच्या चाचणीत बाराचा प्रश्न त्या ओळीत जाईल. विधान कदाचित असं : 'घरी केलेल्या पूजेपेक्षा तीर्थयात्रेचं मोल मोठं.' पंढरीची वाट चालणारा वारकरी आणि चोखोबांपासूनचे, मंदिराबाहेर उभं राहावं लागलेले भक्त, दोघंही त्या उत्तरात येऊ शकतात. उत्तरसूचीत दोघांचाही उल्लेख हवा, कारण तपासनीस पुन्हा लीड्समध्येच असणार आहे.